पुरुषांचा सैल कुर्ता: छाती, खांदा आणि लांबी यांची मापं कशी जुळवायची

गणपती आणि दिवाळीच्या आधी लक्ष्मी रोडवरच्या दुकानांत एक चूक सारखी होताना दिसते. कुर्ता सैल हवा म्हणून गिऱ्हाईक आपल्या शर्टापेक्षा दोन साइझ मोठा कुर्ता उचलतं. आरशासमोर उभं राहिल्यावर पोट-छातीशी तो छान मोकळा वाटतो. पण खांद्याची शिलाई दंडावर उतरलेली असते, बाही बोटांपर्यंत येते, गळ्याची पट्टी मानेपासून सुटलेली असते आणि हात वर केला की अख्खा कुर्ता वर चढतो. घेतला सैल म्हणून, आणि अंगात मात्र अडचणीचा झाला.

याचं कारण साइझ वाढण्याच्या पद्धतीत आहे. तयार कुर्त्यात एक साइझ वाढली की छाती साधारण २ इंचांनी वाढते, पण तिच्याबरोबर खांदाही सुमारे अर्धा इंच वाढतो, आणि बाही, लांबी, गळा हेही थोडे थोडे वाढतात. पारंपरिक झब्ब्याचा सैलपणा छातीत, बगलेत आणि खालच्या घेरात असतो. खांद्याला तो जवळपास अंगाबरोबरच बसतो. म्हणून साइझ ठरवताना खांदा आधी पाहायचा, मग छातीत किती मोकळी जागा उरते ते मोजायचं आणि लांबी शेवटी ठरवायची. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

आधी अंगाचं माप

शिंपी वापरतात तो कापडी टेप लागेल, आणि मोजायला दुसरा माणूस. स्वतःचा खांदा स्वतःला नीट मोजता येत नाही. अंगात फक्त बनियन असावा.

छाती मोजताना टेप काखेखालून, छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून फिरवा. पाठीमागे टेप घसरून खाली येतो आणि माप चुकतं, म्हणून मोजणाऱ्याने मागून तो सरळ आहे ना हे पाहावं. हात खाली सोडलेले, श्वास नेहमीसारखा. टेपात बोट घालून ‘थोडं लूज’ धरू नका. मोकळी जागा आपण नंतर वेगळी मिळवणार आहोत, ती इथेच मिसळली तर दोनदा धरली जाते.

पोटही मोजा, बेंबीच्या पातळीवर. पोट आत ओढून घेतलेलं माप निरुपयोगी आहे, कारण कुर्ता जेवणानंतरही अंगात असतो.

खांद्यासाठी खांद्याचं टोकाचं हाड शोधावं लागतं. हात बाजूला आडवा उचलला की खांद्याच्या टोकाशी एक खळगा पडतो. त्या खळग्याच्या आत, मानेच्या बाजूला जे कडक टोक लागतं, तिथपासून मानेच्या मुळाशी असलेल्या मणक्यावरून पाठीमागून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. हाडं शोधताना हात उचला, पण मोजताना ते खालीच हवेत, नाहीतर माप अर्धा-पाऊण इंच कमी येतं.

लांबी मानेच्या मुळाशी, खांदा जिथे मानेला मिळतो तिथून सुरू करा आणि छातीवरून सरळ खाली गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत मोजा. टेप पोटावरून जाऊ द्या. पोट पुढे असेल तर कापडालाही तोच वळसा घ्यावा लागतो. या लांबीला आपण गुडघामाप म्हणू. उंचीवरून लांबीचा अंदाज बांधण्यापेक्षा हे माप भरवशाचं, कारण सारख्या उंचीच्या दोन माणसांच्या धडाच्या लांबीत सहज दोन इंचांचा फरक असू शकतो.

लेबलवरचा आकडा नेमका कशाचा?

कुर्त्यावर ४० लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘४० इंच छातीच्या माणसासाठी’ असा असतो आणि कुर्ता प्रत्यक्षात ४४ इंचांच्या आसपास भरतो. पण काही ठिकाणी कुर्त्याचंच माप लिहिलेलं असतं. मग ४४ लिहिलेला कुर्ता खरोखर ४४ भरतो आणि ४४ इंच छातीच्या माणसाच्या अंगात तो जातही नाही. ऑनलाइन घेताना साइझच्या तक्त्यात ‘बॉडी मेजरमेंट’ लिहिलंय की ‘गारमेंट मेजरमेंट’, हे आधी वाचा. दोन्ही रकाने असतील तर आपल्याला कपड्याच्या मापाचा रकाना हवा.

दुकानात असाल तर आकड्यावर विसंबू नका, टेप मागा. कुर्ता टेबलावर सपाट पसरून बटणं लावा, सुरकुत्या हाताने काढा, पण कापड ताणू नका. काखेच्या शिलाईच्या एक इंच खालून या कडेपासून त्या कडेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ही कपड्याची छाती. मग बाह्यांच्या शिलाईपासून शिलाईपर्यंत, पाठीच्या बाजूने, खांदा मोजा. शेवटी गळ्याच्या पट्टीच्या मुळापासून खालच्या दुमडीपर्यंत लांबी घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तुळशीबागेच्या गर्दीत जिथे कपडे बदलायला खोलीच नसते, तिथे एवढं एकच हाताशी असतं.

छातीत किती जागा ठेवायची

शिंप्याच्या ‘लूज किती ठेवू?’ या प्रश्नाला ‘मोकळा ठेवा’ असं उत्तर देऊ नका, आकडा द्या. अंगाच्या छातीपेक्षा कुर्ता ४ इंच मोठा असेल तर तो साध्या शर्टासारखा बसतो. नीटनेटका दिसतो, पण त्याला सैल म्हणता येणार नाही. पारंपरिक मोकळा कुर्ता ६ ते ८ इंच जास्त असतो. १० इंचांच्या पुढे गेलं की कापड बगलेखाली गोळा होऊन लोंबायला लागतं.

६ आणि ८ यांपैकी काय निवडायचं हे कापड ठरवतं. मलमल किंवा पातळ सुती कापड अंगाबरोबर खाली पडतं, त्यात ८ इंच सुरेख दिसतात. जाड खादी, रॉ सिल्क यांसारखं ताठ कापड मात्र अंगापासून दूर उभं राहतं. त्यात ८ इंच ठेवले तर माणूस आहे त्यापेक्षा बराच रुंद दिसतो, तिथे ६ पुरतात. अस्तर लावलेला कुर्ता असेल तर अस्तराची जाडी जागा खाते, म्हणून त्यात ६ च्या खाली जाऊ नका.

पोटाशी किमान ४ इंच मोकळे हवेत, कारण बसल्यावर पोटाचा घेर वाढतो. पोट छातीपेक्षा ३-४ इंचांहून जास्त असेल तर तयार कुर्त्यांत बहुधा अडचणच येते. पोटाला बसेल असा घ्यावा तर खांदा उतरतो आणि खांद्याला बसेल असा घ्यावा तर पोटावर ओढतो. अशा अंगासाठी कुर्ता शिवून घ्यावा हे उत्तम. शिंपी पोटाशी वेगळी जागा देतो आणि पुढचा भाग मागच्यापेक्षा पाऊण-एक इंच लांब कापतो. तसं केलं नाही तर पुढची किनार वर उचललेली दिसते.

खांदा आणि मुंढा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा. मुंढा म्हणजे बाही जोडण्यासाठी खांद्यापासून काखेपर्यंत कापलेला भाग. नेहमीच्या, गोल मुंढ्याच्या कुर्त्यात खांदा अंगापेक्षा अर्धा ते एक इंच जास्त चालतो, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव ते अर्धा इंच. शिलाई हाडाच्या टोकावर किंवा जेमतेम बाहेर पडली पाहिजे. दीड इंचापर्यंत जास्त असला तर निभावतं. त्यापुढे बाहीच खाली सरकते.

खांदा मोठा झाल्याने कुर्ता हालचालीला अडचणीचा का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. साइझ वाढली की मुंढाही मोठा होतो आणि त्याचं खालचं टोक काखेपासून दूर, बरगडीकडे जातं. आता हात उचलला की बाहीचं कापड त्या खालच्या टोकाला ओढतं आणि त्याच्याबरोबर कुर्त्याची अख्खी बाजू वर येते. लहान पण काखेजवळ असलेला मुंढा हाताला जास्त मोकळीक देतो. ढोल-ताशा पथकांत वाजवणाऱ्यांना हे चांगलंच जाणवतं: कंबरेला ढोल बांधलेला, तासन्‌तास हात वर-खाली, अशा वेळी उतरलेल्या खांद्याचा कुर्ता दर टोल्याला वर ओढला जातो. पथकासाठी घाऊक कुर्ते शिवताना सगळ्यांना ‘एक साइझ मोठा’ देण्यापेक्षा प्रत्येकाचा खांदा लिहून घेणं फार उपयोगी पडतं.

याला एक अपवाद आहे आणि तो ओळखता आला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या कळीदार कुर्त्यात मुंढा गोल कापलेलाच नसतो. बाही सरळ पट्टीसारखी असते, सरळ रेषेत जोडलेली असते, बगलेत एक चौकोनी तुकडा शिवलेला असतो आणि बाजूंना खाली रुंद होत जाणाऱ्या कळ्या असतात. या कुर्त्यात खांद्याची शिलाई हाडाच्या दीड-दोन इंच खाली येणं हे त्याच्या कापणीतच धरलेलं असतं. हात उचलताना लागणारं जास्तीचं कापड बगलेतला तो चौकोनी तुकडा पुरवतो, म्हणून कुर्ता वर ओढला जात नाही. कुर्ता आतून उलटा करून बगल पाहा. चौकोनी तुकडा असेल तर खांद्याचा नियम सैल करा आणि छाती-घेराकडे पाहून साइझ ठरवा. तुकडा नसेल आणि शिलाई गोल असेल, तर खांदा अंगाबरोबर हवाच.

लांबी

गुडघामापात किती मिळवायचं किंवा वजा करायचं हे खाली काय घालणार त्यावर ठरतं. पायजमा किंवा सलवारीवर गुडघ्याच्या वाटीखाली १ ते २ इंच ही सर्वांत देखणी लांबी आहे. धोतरावर गुडघ्यापर्यंतच थांबावं, त्याहून लांब कुर्त्यात धोतराच्या निऱ्या झाकल्या जातात आणि चालताना पायांत येतात. जीन्सवर आखूड कुर्ता, मांडीच्या मध्यापर्यंत. उंची कमी असेल तर गुडघ्याच्या खाली एका इंचापेक्षा जास्त जाऊ नका, पाय आणखी आखूड दिसतात.

लांबीबरोबर बाजूचे कट कुठून सुरू होतात तेही पाहा. ते साधारण खिशाच्या तोंडाच्या खालच्या टोकाशी, म्हणजे कंबरेच्या हाडाखाली सुरू व्हावेत. फार खाली असले तर पूजेला किंवा पंगतीला मांडी घालून बसताना कापड गुडघ्यांवर ताणतं आणि कटाच्या टोकाशी शिलाई उसवते. फार वर असले तर चालताना पायजम्याची नाडी दिसते.

मग येतं आटणं. न धुतलेलं सुती कापड किंवा खादी पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकते, आणि ते बहुतेक लांबीतच जास्त आटतं. ४० इंच लांबीच्या कुर्त्यात हा हिशेब सव्वा ते दोन इंचांचा होतो, म्हणजे गुडघ्याखालचा कुर्ता गुडघ्यावर येतो. शिवायला देणार असाल तर कापड आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवून, इस्त्री करूनच शिंप्याकडे न्या. तयार कुर्ता घेताना लेबलवर ‘प्रीश्रंक’ किंवा ‘प्रीवॉश’ आहे का पाहा. नसेल तर दीड इंच लांबी जास्तीची धरा. रेशमी कुर्ता ड्रायक्लीनलाच देणार असाल तर हा हिशेब करायची गरज नाही.

एक उदाहरण

समजा माणसाची उंची ५ फूट ७ इंच, छाती ३९, पोट ४१, खांदा साडेसतरा आणि गुडघामाप साडेअडतीस इंच आहे. त्याला पायजम्यावर घालायला सुती, मोकळा कुर्ता हवा आहे, गुडघ्याच्या दीड इंच खाली. मुंढा गोल आहे. दुकानातल्या तीन कुर्त्यांची टेपाने घेतलेली मापं अशी निघाली: ४० साइझमध्ये छाती ४४, खांदा पावणेअठरा, लांबी ३९. ४२ मध्ये छाती ४६, खांदा सव्वाअठरा, लांबी ४०. ४४ मध्ये छाती ४८, खांदा पावणेएकोणीस, लांबी ४१.

खांद्यापासून सुरू करू. ४० मध्ये खांदा पाव इंच जास्त, ४२ मध्ये पाऊण इंच, ४४ मध्ये सव्वा इंच. पहिले दोन चांगले बसतात, तिसरा निभावण्यासारखा आहे. आता छाती. ४० मध्ये ५ इंच मोकळे, म्हणजे शर्टापेक्षा जेमतेम जास्त, आणि पोटाशी कुर्ता छातीइतकाच रुंद असेल तर तिथे ३ इंचच उरतात. बसल्यावर तो पोटावर ताणणार. ४२ मध्ये छातीत ७ आणि पोटाशी ५ इंच उरतात. ४४ मध्ये छातीत ९ इंच, पातळ सुती कापडातही जरा जास्तच. साइझ ४२ ठरला.

लांबी राहिली. हवी आहे साडेअडतीस अधिक दीड, म्हणजे ४०, आणि ४२ साइझची लांबी तेवढीच आहे. कापड आधी धुतलेलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर तीन टक्के आटल्यावर ती ३८.८ होईल, म्हणजे गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावरच येईल. इथे लांबीसाठी ४४ घ्यायचा मोह होतो. तो टाळून आधी खालची दुमड पाहा. दुमड दीड इंचाची असेल तर धुतल्यानंतर ती उसवून बारीक केली की जवळपास एक इंच परत मिळतो. पांढऱ्या किंवा फिकट कुर्त्यात जुन्या दुमडीची रेघ फारशी कळत नाही, गडद रंगात ती ठळक दिसते. रंग गडद आणि दुमडही बारीक असेल तर तो कुर्ता सोडून द्यावा.

हाच कुर्ता शिवून घ्यायचा तर शिंप्याला आकडे असे द्या: तयार छाती ४६, खांदा १८, लांबी ४०, पोटाशी ४६ आणि खाली घेर त्याहून जास्त. पूर्ण बाहीच्या कुर्त्याला ४४ इंच पन्ह्याचं कापड साधारण अडीच मीटर लागतं, ३६ इंच पन्ह्याचं तीन मीटर. शिंप्याला ‘हे अंगाचं माप’ की ‘हे तयार कुर्त्याचं माप’ हे स्पष्ट सांगा. नाहीतर तो तुमच्या ४६ वर आपली मोकळी जागा पुन्हा चढवेल.

अंगात घालून काय पाहायचं

दोन्ही हात सरळ वर करा. खालची किनार २-३ इंच उचलली तर ठीक. ५ इंचांपर्यंत गेली तर मुंढा खाली उतरलेला आहे. मग वाकून पायाला हात लावल्यासारखं करा. पाठीवर दोन खांद्यांच्या मधे ताण आला तर पाठ कमी आहे, आणि छातीत कितीही जागा असली तरी तो कुर्ता घालून वावरणं कठीण जाईल. शेवटी खाली मांडी घालून बसा. दुकानदार स्टूल देतो, पण स्टुलावर बसून हे कळत नाही.

आरशात वळ्या वाचता येतात. काखेतून छातीकडे आडव्या वळ्या येत असतील तर छाती किंवा मुंढा घट्ट आहे. गळ्यापासून काखेकडे तिरप्या वळ्या उतरत असतील तर खांदे उतरते आहेत किंवा कुर्त्याचा खांदा मोठा आहे. नुसतं उभं राहिल्यावर बाजूचे कट फाकत असतील तर पोटाशी किंवा बैठकीत कापड कमी पडतंय. पाठीमागे गळ्याची पट्टी मानेपासून सुटून मागे पडत असेल तर पोट पुढच्या भागाला ओढतंय, किंवा गळाच मोठा आहे. पट्टी बंद करून आत एक बोट सहज जावं, दोन गेली तर गळा मोठा.

थोडाफार दोष असलेला कुर्ता घ्यावा की नाही हे, पुढे काय दुरुस्त होतं त्यावर ठरवा. बाजू आत घेता येतात, लांबी आणि बाही कमी करता येते. यातलं कुठलंही काम कोपऱ्यावरचा अल्टर करणारा करून देतो. खांदा कमी करायचा तर बाही उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो, आणि साध्या सुती कुर्त्यासाठी ती मजुरी परवडत नाही. छाती वाढवणं शिलाईत किती दाब, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवलाय त्यावर अवलंबून असतं. तयार कुर्त्यात तो बहुधा जेमतेम असतो. म्हणून दोन साइझच्या मधे अडकलात तर ज्याचा खांदा बसतो तो घ्या. मात्र छातीत ५ इंचांपेक्षा कमी जागा उरत असेल तर तो ठेवून द्या आणि कळीदार कापणीचा मागा. लांबी कमी करताना बाजूच्या कटाची उंचीही त्याच प्रमाणात पाहायला सांगा. नुसती किनार वर घेतली तर कट आखूड होतात आणि मांडी घालून बसताना टाके तुटतात.